ग्रुपवर आलं म्हणून खरं? मराठवाड्यातल्या अफवा, जातीचे ग्रुप आणि वाढता दुरावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा नेमकी काय होती?

त्या वर्षी मे आणि जून महिन्यांत देशातल्या बऱ्याच राज्यांत एकाच धर्तीचे मेसेज फिरत होते. आपल्याकडे ते मराठीत आले. साचा साधारण असा: "सावधान! आपल्या तालुक्यात मुलं पळवणारी टोळी आली आहे. बायका भिकारणीच्या वेशात फिरतात. काल शेजारच्या गावात दोघं पकडले. पोलिसांनीच सांगितलं आहे. आपल्या लेकराबाळांसाठी सगळ्या ग्रुपवर पाठवा." मेसेज पुढे सरकत गेला तसं तालुक्याचं नाव बदलत गेलं, बाकी मजकूर तोच राहिला. सोबत मूल पळवतानाचा एक व्हिडिओही फिरत होता.

त्याच जूनमध्ये वैजापूर तालुक्यातल्या चांडगावात चोर समजून जमावाने काही जणांना बेदम मारलं आणि त्यात दोघांचा जीव गेला. चोरांच्या आणि मुलं पळवणाऱ्यांच्या टोळ्यांची चर्चा त्या भागात आधीपासून होती. १ जुलैला धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडी बाजारात, मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्याच रात्री मालेगावात एका भिक्षेकरी कुटुंबाला जमावाने घेरलं. ते कुटुंब परभणी जिल्ह्यातलं होतं आणि सोबत लहान मूलही होतं. स्थानिकांनी त्यांना एका घरात घेतलं, पोलिसांनी बाहेर काढलं, म्हणून ते वाचले.

खोटी बातमी, इको चेंबर आणि ध्रुवीकरण हे तिन्ही विषय समजून घ्यायला इथे याच प्रकरणापासून सुरुवात केली आहे. यात राजकीय पक्ष नव्हता, निवडणूक नव्हती आणि अफवेतून कुणाचा सरळ फायदाही दिसत नव्हता. त्यामुळे "हे सगळं आयटी सेलवाले करतात" हे नेहमीचं उत्तर इथे पुरत नाही.

त्या व्हिडिओत मूल पळवताना स्पष्ट दिसत होतं. मग तो खोटा कसा?

व्हिडिओतली दृश्यं कॅमेऱ्यात खरोखर टिपलेली होती, फक्त त्याचा अर्थ बदलला होता. गल्लीत पोरं खेळताहेत, मोटारसायकलवर दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि निघून जातात. ही कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेने केलेली जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये तेच दोघं मोटारसायकल वळवून परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि कॅमेऱ्यासमोर एक फलक धरतात. मूल पळवायला किती कमी वेळ लागतो, अशा अर्थाचा मजकूर त्यावर असतो. आपल्याकडे फिरलेल्या तुकड्यात हा शेवट कापलेला होता.

मेलेल्या लेकरांचे फोटोही फिरले. ते सीरियातल्या २०१३ च्या विषारी वायूच्या हल्ल्यातले होते.

म्हणजे फार तांत्रिक करामत करावी लागली नाही. एका व्हिडिओचा शेवट छाटला, एका फोटोखालचं ठिकाण बदललं, झालं. आजही आपल्या मोबाइलवर येणारा बहुतेक खोटा मजकूर याच जातीचा असतो: जुना खरा व्हिडिओ, नवीन खोटी ओळ. डीपफेकची, म्हणजे संगणकाने हुबेहूब बनवलेल्या खोट्या व्हिडिओची, चर्चा फार होते. पण गावपातळीवर दंगा पेटवायला अजून तरी डीपफेकची गरज पडलेली नाही.

लोक अडाणी आहेत म्हणूनच विश्वास ठेवतात ना?

नाही. हे उत्तर शहरातल्या आणि शिकलेल्या लोकांना सोयीचं आहे, म्हणून ते टिकून आहे. असे मेसेज शिक्षक, डॉक्टर, बँकेतले कर्मचारी सगळेच पुढे पाठवतात. अफवेवरचा जुना आणि फार उपयोगी अभ्यास आपल्याच देशातला आहे, तो पाहू.

१५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञाने त्यानंतर पसरलेल्या अफवा गोळा केल्या. "आणखी मोठा भूकंप येणार", "अमुक दिवशी प्रलय होणार" अशा त्या अफवा होत्या. गंमत अशी, की धक्का जाणवला पण फारशी पडझड झाली नाही, अशा भागातूनही त्या आलेल्या होत्या. समोर भीतीचं दृश्य कारण नाही, तरी लोक स्वतःहून आणखी भीतीदायक गोष्टी का रचतात? अमेरिकेतल्या लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाला नेमका हाच प्रश्न पडला. त्याचं उत्तर असं, की ती माणसं आधीच घाबरलेली होती, पण घाबरण्यासारखं त्यांच्या डोळ्यांसमोर काही नव्हतं. अफवेने त्या भीतीला कारण पुरवलं. फेस्टिंगरचा १९५७ चा प्रसिद्ध सिद्धांत, मनातली विसंगती माणसाला सहन होत नाही हा, यातूनच पुढे आला.

२०१८ च्या जूनमधल्या मराठवाड्यावर हे ताडून पाहा. शाळा उघडण्याचे दिवस. बाप पेरणीच्या धावपळीत, आई रानात, पोरं एकटी घरी किंवा रस्त्याला. अनेक घरांतली कर्ती माणसं पुण्याला कामाला, लेकरं आजीआजोबांकडे. पोरांची काळजी तर होतीच, पण ती नेमकी कशाबद्दल हे सांगता येत नव्हतं. मेसेजने ते सांगितलं. म्हणून "तुम्हाला खात्री आहे का?" असं विचारलं की माणूस चिडतो. तुम्ही मेसेजवर शंका घेता आणि त्याला वाटतं, तुम्ही त्याच्या काळजीवरच शंका घेताय.

आल्पोर्ट आणि पोस्टमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये याचं सोपं सूत्र मांडलं: विषय किती जिव्हाळ्याचा आहे आणि माहिती किती धूसर आहे, या दोन्हींचा गुणाकार म्हणजे अफवेचा जोर. बेरीज नव्हे, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्यावर आलं की अफवा बसते. पुढे इंटरनेट बंदीच्या प्रश्नात हे सूत्र पुन्हा लागेल.

जमाव नेमका कुणाला धरतो?

चांडगाव, राईनपाडा आणि मालेगाव या तिन्ही ठिकाणी धरले गेले ते बाहेरून आलेले, गावाला अनोळखी लोक. त्यातले बरेच भटके, भिक्षेकरी. हा योगायोग नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच चोर असल्याचा शिक्का मारला. ऑगस्ट १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला गेला, तरी गावाच्या मनात तो राहिला. पाल टाकून राहणारा माणूस दिसला की "कुठून आले हे?" हा प्रश्न आजही पहिल्यांदा उठतो. गावात चोरी झाली की पहिली चौकशी पारध्याच्या पालावर होते, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

अफवेत टोळीचं वर्णन मुद्दाम ढोबळ असतं, आणि त्या ढोबळ वर्णनात कुणाला बसवायचं हे समाजाच्या जुन्या संशयांवर ठरतं. मेसेजमध्ये गावातल्याच सावकाराचं वर्णन आलं असतं तर त्याला कुणी खोलीत कोंडलं नसतं. समाजशास्त्राच्या दृष्टीने हाच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खोटी बातमी नवा शत्रू क्वचितच तयार करते. ती बहुतेक वेळा जुन्याच संशयिताकडे बोट दाखवते.

मोबाइल नव्हते तेव्हाही अफवा पसरत होत्याच की. मग नवीन काय?

बरोबर आहे. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर गेली, तीही लँडलाइन आणि तोंडी निरोपांवर. गावोगावी देवळांपुढे रांगा लागल्या.

फरक वेगापेक्षा दुसऱ्याच गोष्टीत आहे. पारावर किंवा एसटी स्टँडवर अफवा आली की ती सगळ्यांसमोर यायची. कुणी हसायचं, कुणी "अरे, मी कालच त्या गावाहून आलो, तसलं काही नाही" म्हणायचं. ऐकणाऱ्यांत सगळ्या आळ्यांची माणसं असायची. मोबाइलवर तीच गोष्ट प्रत्येकाला एकट्याला मिळते, आणि मिळते ती आपल्याच माणसाकडून. पारावरच्या अफवेला तिथल्या तिथे उलटतपासणी व्हायची. ग्रुपवर ती होईलच असं नाही.

दुसरं म्हणजे व्हॉट्सॲपवर बातमीचं मूळ ठिकाण पुसलं जातं. फॉरवर्ड झाल्याची खूण दिसते, मूळ लिहिणारा दिसत नाही. दिसतो तो फक्त शेवटचा पाठवणारा, म्हणजे आपला मेव्हणा.

व्हॉट्सॲपवर तर अल्गोरिदम काही निवडून दाखवत नाही. मग इको चेंबर तयार होतं कसं?

चांगला प्रश्न आहे. इको चेंबर म्हणजे जिथे आपलाच आवाज फिरून परत येतो अशी खोली. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबवर काय दिसावं हे काही अंशी यंत्र ठरवतं, त्यामुळे सगळा दोष यंत्राला देण्याची सवय लागली आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मात्र मेसेज आला तसा, आल्या क्रमाने दिसतो. तिथली खोली माणसंच बांधतात. कशी, ते एका गावावरून सांगतो.

गोदाकाठचं, दीडेक हजार उंबऱ्यांचं गाव. सुरुवातीला "आपलं गाव" नावाचा एकच ग्रुप होता. पाणी कधी येणार, कुणाची म्हैस हरवली, दहावीचा निकाल, दहाव्याचा निरोप, सगळं तिथेच. ग्रामपंचायत निवडणूक आली, दोन पॅनल झाले आणि दोन ग्रुप झाले. मग एका जयंतीच्या मिरवणुकीच्या रस्त्यावरून कुणीतरी कुणाला काहीतरी बोललं. चार जण "लेफ्ट" झाले आणि त्यांनी समाजाचा वेगळा ग्रुप काढला. आरक्षणाचा वाद पेटल्यावर उरलेले दोन झाले. जुना ग्रुप अजून आहे. त्यावर आता वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि "शुभ सकाळ" एवढंच येतं, कारण बाकी काही टाकायला सगळे बिचकतात.

हे का झालं? लॅझर्सफेल्ड आणि मर्टन या समाजशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये लिहून ठेवलंय, की माणसं आपल्यासारख्याच माणसांशी मैत्री करतात. आपल्याकडे त्याला आणखी एक कणा आहे: सोयरीक. मराठवाड्यातल्या माणसाचा फोन नंबरांचा साठा पाहिला तर भावकी, सोयरे आणि त्यांचे सोयरे यांचंच पारडं जड निघतं. सोयरीक जातीतच होते. म्हणजे ग्रुप काढणाऱ्याच्या मनात जात नसली तरी त्याच्या कॉन्टॅक्ट लिस्टमध्ये ती असतेच.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरने १९७३ मध्ये दाखवलं, की नवी माहिती आपल्यापर्यंत येते ती जवळच्यांकडून कमी आणि दूरच्या ओळखीच्यांकडून जास्त. जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. जुन्या ग्रुपमध्ये ही दूरची ओळखीची माणसं होती: दुसऱ्या आळीतला कासार, बसस्टँडवरचा पानटपरीवाला, बदलून आलेले गुरुजी. ग्रुप फुटले तेव्हा नेमके हेच धागे तुटले. जवळचे जवळच राहिले. बाहेरची बातमी आत येण्याची वाट मात्र बंद झाली.

पण ग्रुपमध्ये एकालाही शंका येत नाही का?

येते. अनेकांना येते. ते बोलत नाहीत.

जर्मनीच्या संशोधक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्ये याला मौनाचं चक्र म्हटलं. आपलं मत अल्पमतात आहे असं वाटलं की माणूस गप्प बसतो. तो गप्प बसल्याने ते मत आणखी अल्पमतात दिसतं, आणि पुढचाही गप्प बसतो. शेवटी शंभरातल्या पाच आवाजी माणसांचं मत सगळ्या समाजाचं मत वाटू लागतं.

आपल्या ग्रुपवर याला आणखी धार येते. "हे खरं आहे का?" एवढंच विचारलं तरी उत्तर येतं, "तू कुणाच्या बाजूने आहेस?" हा प्रश्न विचारणारा बहुधा चुलता असतो, आणि पुढच्या महिन्यात त्याच्याच घरी लग्न असतं. खोट्या मेसेजवर मौन पाळण्याची किंमत शून्य, बोलण्याची किंमत नातं. हिशेब सरळ आहे. म्हणून ग्रुपवरच्या शांततेला संमती समजू नये. अंगठे उठवणारे मोजले जातात. मेसेज वाचून फोन खाली ठेवणारे कुठेच मोजले जात नाहीत.

मराठा आणि ओबीसी आरक्षणाच्या वादात मतांचं ध्रुवीकरण झालं का?

झालं, पण ते कशाचं झालं हे नीट पाहायला हवं.

१ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला आणि आंदोलन राज्यभर गेलं. ऑक्टोबरच्या अखेरीस बीडमध्ये जाळपोळ झाली. जून २०२४ मध्ये ओबीसी आरक्षण वाचवा म्हणून वडीगोद्रीत उपोषण सुरू झालं. अंतरवाली सराटी आणि वडीगोद्री दोन्ही अंबड तालुक्यात, एकमेकांच्या जवळ. पोरं त्याच शाळा-कॉलेजात जातात आणि ऊस त्याच कारखान्यांना घालतात. मोबाइलमधली दोन जगं मात्र वेगवेगळी झाली.

मतांचं ध्रुवीकरण आणि भावनांचं ध्रुवीकरण अशा दोन गोष्टी समाजशास्त्रज्ञ वेगळ्या करतात. पहिल्यात मागण्या एकमेकींपासून दूर जातात. दुसऱ्यात मागण्या होत्या तिथेच राहतात, पण समोरच्या माणसाबद्दलचा राग, अविश्वास आणि किळस वाढते. आरक्षण कुणाला आणि कशातून द्यायचं यावर टोकाचे मतभेद आहेतच, ते खरे आहेत आणि त्यांची चर्चा व्हायलाच हवी. पण दोन्हीकडच्या पोराला शांतपणे विचारा: सोयाबीनला भाव नाही, कॉलेजची फी परवडत नाही, भरती निघत नाही, शेतीवाल्या पोराला मुलगी मिळत नाही. तक्रारींची यादी जवळपास एकच निघते. वाढलं आहे ते "ते लोक" या शब्दातलं विष. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर बीड जिल्ह्यात अमुक समाजाच्या दुकानातून माल घेऊ नका अशा पोस्ट आणि व्हिडिओ फिरले. २०२५ मध्ये तर बीड पोलिसांनी गणवेशावरच्या पट्टीवर फक्त पहिलं नाव लावायचं ठरवलं, कारण आडनाव वाचून लोक पोलिसाची जात ठरवत होते. आरक्षणाच्या टक्क्यांशी याचा काही संबंध नाही.

आणि खोट्या पोस्टला जागा मिळते ती इथे. भावना एकदा तापली की दुसऱ्या समाजाबद्दलची वाईट बातमी तपासायची गरजच वाटत नाही. "ते तसलेच आहेत" हे आधीच ठरलेलं असतं. २०१८ च्या जूनमध्ये भीतीला कारण हवं होतं, इथे रागाला पुरावा हवा असतो.

मग दोन्ही बाजूंच्या ग्रुपमध्ये राहिलं, दोन्हीकडचं वाचलं, तर डोकं ताळ्यावर राहील का?

वाटतं तसं होत नाही. समाजशास्त्रज्ञ ख्रिस बेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ट्विटर वापरणाऱ्यांवर प्रयोग केला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना पैसे देऊन महिनाभर विरुद्ध पक्षाच्या पोस्ट दाखवणारं खातं फॉलो करायला लावलं. महिन्यानंतर रिपब्लिकन समर्थक आधीपेक्षा जास्त कट्टर झालेले दिसले. डेमोक्रॅट समर्थकांत खात्रीने सांगता येईल असा फरक पडला नाही. विरोधी मत समजून घेण्याऐवजी लोकांनी ते स्वतःवरचा हल्ला म्हणून वाचलं.

अमेरिकेचा निष्कर्ष जसाच्या तसा गंगाखेडला लावता येणार नाही, हे उघड आहे. पण कारण ओळखीचं वाटतं. ऑनलाइन आपल्याला दुसऱ्या बाजूचा शेजारी भेटत नाही, त्या बाजूचा सगळ्यात मोठ्याने ओरडणारा माणूस भेटतो. रील त्याचीच चालते. मोंढ्यावर, दवाखान्याच्या रांगेत किंवा ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर जो माणूस भेटतो, त्याच्याशी जातीपलीकडचं काहीतरी काम असतं, त्यामुळे बोलणं निघतं. दोन्हीकडचे ग्रुप जॉईन करून ते होत नाही.

अशा वेळी प्रशासन इंटरनेट बंद करतं. त्याने अफवा थांबते?

व्हिडिओ थांबतो, अफवा थांबेलच असं नाही. मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट बंद ठेवलं गेलं आहे. वरचं गुणाकाराचं सूत्र इथे लावा. विषयाचा जिव्हाळा तोच राहतो, उलट "नेट बंद केलं म्हणजे काहीतरी मोठं घडलंय" म्हणून वाढतोच. आणि माहिती धूसर होते, कारण खोट्यासोबत खरी बातमी आणि खुलासाही अडतो. साधा फोन चालूच असतो. "तिकडं गोळीबार झाला म्हणे" हे त्यावरूनही जातं. काही तासांसाठी, जमाव जमवण्याचे निरोप तोडायला बंदीचा उपयोग होत असेल. पण तेवढ्या वेळात पोलीस अधिकाऱ्याने रिक्षावर भोंगा लावून काय घडलं आणि काय घडलं नाही हे नेमकं सांगितलं, तर धूसरपणा कमी होतो.

व्हॉट्सॲपने फॉरवर्डवर मर्यादा घातली. फरक पडला?

काही प्रमाणात. जुलै २०१८ मध्ये, या हत्यांनंतर, भारतात एका वेळी पाच चॅटपर्यंतच फॉरवर्ड करता येईल असं झालं आणि फॉरवर्ड केल्याची खूणही दिसू लागली. एप्रिल २०२० पासून खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. हा कंपनीचाच आकडा आहे, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा.

पळवाट सोपी आहे. व्हिडिओ गॅलरीत सेव्ह करून नव्याने टाकला की फॉरवर्डची खूण जाते आणि तो तुम्हीच काढल्यासारखा दिसतो. मजकूर कॉपी-पेस्ट केला तरी तेच. त्यामुळे खूण नाही म्हणजे मेसेज अस्सल, असं धरू नका.

आलेला व्हिडिओ जुना किंवा दुसरीकडचा आहे हे कसं ओळखायचं?

आधी डोळ्यांनी पाहा. गाड्यांच्या नंबर प्लेट, दुकानांच्या पाट्यांची लिपी, पोलिसांचा गणवेश, झाडंझुडपं, ऋतू. मेमध्ये "आत्ताचा" म्हणून आलेल्या व्हिडिओत रस्त्यावर चिखल असेल तर तिथेच थांबा. व्हिडिओ कुठे अचानक तुटतो तेही पाहा. कराचीच्या फिल्मची गोम तिच्या कापलेल्या शेवटातच होती.

मग एका स्पष्ट क्षणी व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्समध्ये टाका. तोच प्रसंग जुन्या तारखेच्या बातमीत सापडला की काम झालं. नाही सापडला, तर व्हिडिओ खरा ठरत नाही, फक्त जुना सापडला नाही एवढंच कळतं. त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन करणं हा आपल्याकडे सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. मराठवाड्यात कुठल्याही गावात कुणाचा ना कुणाचा पाहुणा असतोच.

ऑडिओ क्लिप सगळ्यात अवघड. "माझा मेव्हणा पोलिसात आहे, त्यानं सांगितलं" अशा हळू, घाबऱ्या आवाजातल्या क्लिपला शोधायला काही साधन हाताशी नसतं. त्यात गावाचं नाव, तारीख, पोलीस ठाणं यातलं काहीच नसेल, तर सरळ सोडून द्या.

वडीलधाऱ्यांनीच खोटा मेसेज टाकला तर काय करायचं?

ग्रुपवर सगळ्यांसमोर "काका, हे फेक आहे" असं लिहू नका. मेसेज खोटा ठरला तरी काका त्यालाच चिकटून बसतील, कारण आता प्रश्न मेसेजचा उरला नाही, चारचौघांतल्या मानाचा झाला. त्यांना वेगळा फोन करा. आधी त्यांची काळजी मान्य करा: "पोरांची काळजी खरीच आहे, काका." मग खरं काय ते सांगा: "हा व्हिडिओ कराचीचा आहे, शेवट कापलाय, हा बघा पूर्ण." आणि त्यांनाच विनंती करा: "तुम्हीच ग्रुपवर टाकलं तर लोक ऐकतील." कॅट्झ आणि लॅझर्सफेल्ड १९५५ मध्ये हेच सांगत होते: बातमी लोकांपर्यंत थेट पोहोचत नाही, ती आपापल्या गटातल्या वजनदार माणसाच्या हातून पोहोचते. खुलाशालाही तोच रस्ता लागतो. जिल्हा पोलिसांचं प्रसिद्धीपत्रक काकांच्या तोंडून गेलं तर भावकीत उतरतं.

हे दर वेळी जमत नाही. काही काका ऐकत नाहीत.

ग्रुपवर कुणी काही टाकलं तर ॲडमिनवर गुन्हा होतो का?

केवळ ॲडमिन आहे म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं, की सदस्याच्या पोस्टमागे ॲडमिनचा समान हेतू किंवा आधीपासून ठरलेला कट नसेल, तर त्याला जबाबदार धरता येत नाही. मजकूर टाकणाऱ्याची गोष्ट वेगळी. दोन समाजांत तेढ वाढवणं आणि त्यासाठी खोटी माहिती किंवा अफवा पसरवणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ आणि ३५३ खाली गुन्हे आहेत, आणि "मी फक्त फॉरवर्ड केलं" एवढ्यावर सुटका होईल असं धरून चालू नका. ॲडमिनला आता कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. तणावाच्या रात्री ग्रुप "फक्त ॲडमिन" वर टाकणं हे त्याच्या हातातलं सोपं काम आहे.

गावात कुणी अनोळखी माणसांना अडवून ठेवलं असेल तर?

११२ ला फोन करा आणि गाव, ठिकाण, अडवलेली माणसं किती, जमाव साधारण किती हे सांगा. जमावाशी "मेसेज खरा की खोटा" हा वाद तेव्हा घालत बसू नका, त्याची वेळ गेलेली असते. सरपंच, पोलीस पाटील, शाळेतले गुरुजी, गावातली वजनदार बाई, जे जवळ असतील त्यांना बोलवा आणि माणसांना दार आतून लावता येईल अशा घरात न्या. अडवलेल्यांचं आधार कार्ड मागून त्याचा फोटो ग्रुपवर टाकू नका. नाव-गाव बाहेर गेलं की पुढच्या गावातही तेच होतं. व्हिडिओ काढणाऱ्यांना आधी बाजूला करा, कारण कॅमेरा चालू असला की जमावातल्या प्रत्येकाला आपण काहीतरी करून दाखवायला हवं असं वाटतं. राईनपाड्यात माणसं खोलीत होती, पण दार जमावाच्या ताब्यात होतं. मालेगावात दार आतल्या माणसांच्या ताब्यात राहिलं.